विखुरलेल्या नोंदींतून वृद्धाचे एकसंध टिपण

वृद्ध माणसाची सर्वांगीण तपासणी एका बैठकीत क्वचितच होते. चालणे फिजिओथेरपिस्ट पाहतो, वजन सिस्टर घेते, स्मरणशक्तीची चाचणी डॉक्टर करतात, आणि पडल्याची हकिकत घरचे लोक बोलता बोलता सांगतात. या नोंदी एकाखाली एक उतरवल्या तर फक्त यादी तयार होते. कोणत्या तक्रारीमुळे कोणती तक्रार उभी राहिली, हे टिपणातून कळले पाहिजे. ही पद्धत रुजली ती ब्रिटनमध्ये. डॉ. मार्जरी वॉरेन यांनी १९३५ नंतर तिथल्या अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना एकेक करून नीट तपासले, आणि त्यांतले बरेच जण पुन्हा चालते करता येतात हे दाखवून दिले.

उदाहरणासाठी ७६ वर्षांच्या, मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या एक आजी घेऊ. त्यांच्या फाइलमधल्या नोंदी अशा: खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत बसायला १९ सेकंद लागले, १२ किंवा त्याहून जास्त सेकंद लागले तर पडण्याचा धोका धरतात. सांगितलेल्या तीन शब्दांपैकी दोन आठवले, घड्याळाचे चित्र चुकले, म्हणजे पाचपैकी दोन गुण. मनःस्थितीच्या पंधरा प्रश्नांत आठ गुण. पाचच्या पुढे उदासीनतेची शंका घेतात. जानेवारीत वजन ५१ किलो होते, जूनमध्ये ४६. दोन महिन्यांत दोनदा पडल्या, दोन्ही वेळा रात्री लघवीला उठल्यावर.

घाईने लिहिणारा इथे ‘स्मृतिभ्रंश, नैराश्य, कुपोषण’ असे तीन आजार लिहून मोकळा होतो. सर्वांत मोठी चूक ती हीच. पाचपैकी दोन गुण म्हणजे पुढची तपासणी हवी, एवढाच त्याचा अर्थ. औषधांची चिठ्ठी पाहिली की चित्र बदलते. आजींना झोपेची गोळी एका डॉक्टरांनी दिली, पायांच्या जळजळीसाठी अमिट्रिप्टिलीन दुसऱ्यांनी. रक्तदाबाची गोळी जुनीच चालू आहे. पहिल्या दोन्ही गोळ्यांनी वृद्धांत गुंगी येते, विसराळूपणा वाढतो आणि तोल जातो. शिवाय आडवे असताना रक्तदाब १३८ आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत ११२, ही नोंद सिस्टरच्या कागदावर एका कोपऱ्यात आहे. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला तर उठताना चक्कर येऊ शकते. इथे तो २६ने उतरला आहे.

सुनेच्या एका वाक्यातून उरलेला दुवा मिळतो: वर्षापूर्वी आजोबा गेले, त्यानंतर आजींचे जेवण कमी झाले, आता कवळी सैल झाली म्हणून चहा-बिस्किट आणि मऊ भातावर भागते. पाच किलो, म्हणजे जवळजवळ दहा टक्के वजन गेले, तरी रक्तदाबाच्या गोळीचा डोस पूर्वीचाच राहिला. म्हणून टिपणाचे पहिले वाक्य असे होते: ‘दुःखानंतर खाणे घटले, वजन आणि पायातले बळ उतरले, त्यात उठल्यावर रक्तदाब पडतो आणि गुंगीच्या दोन गोळ्या चालू आहेत, त्यामुळे रात्री पडण्याचा धोका जास्त.’ हा अर्थ संभाव्य आहे आणि तो तसाच लिहावा. स्मरणाबद्दल एवढेच: ‘चाचणी गोळ्या चालू असताना आणि मन खचलेले असताना झाली, उपचारानंतर पुन्हा घ्यावी.’ शाळा चौथीपर्यंत झाली हेही शेजारी हवे, कारण कमी शिकलेल्यांना घड्याळाचे चित्र तसेही अवघड जाते.

दोन नोंदी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर त्यांतली एक खोडू नये. मुलगा म्हणतो, ‘आई घरात आपली आपण फिरते’. फिजिओथेरपिस्ट लिहितो, आधाराशिवाय चालत नाहीत. पुन्हा विचारल्यावर कळते की घरात त्या भिंत आणि पलंग धरत चालतात. दोघांचेही खरे आहे. जे तपासलेच नाही त्यापुढे ‘तपासले नाही’ असे स्पष्ट लिहावे. जागा रिकामी ठेवली तर पुढचा डॉक्टर ‘दोष नाही’ असे समजतो. इथे नजर, ऐकणे आणि बी-१२ राहिले आहेत. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकते, आणि त्याच्या कमतरतेने विसराळूपणा आणि पायांची जळजळ दोन्ही होतात. आजी तीच गोळी घेतात.

शेवटी कामे येतात, प्रत्येकापुढे कोण करणार आणि केव्हा हे लिहून. रक्तदाबाच्या गोळीचा फेरविचार या आठवड्यात. झोपेची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी, एकदम बंद नाही. कवळी दंतवैद्याकडे, रात्री वाटेवर दिवा आणि संडासात धरायला दांडा मुलाकडे, पायांचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडे. उदासीनतेसाठी आजींशी निवांत बोलणे डॉक्टरांकडे; चाचणीच्या आकड्यावरून नुसती गोळी सुरू करणे नको.

घरच्यांनी अशा तपासणीला जाताना सगळी औषधे, दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून न्यावीत आणि केव्हा, कुठे, काय करताना पडले हे तारखेसह लिहून न्यावे.