रिकामी दिसलेली फाइल

30 मार्चची संध्याकाळ. पंचायत समितीतला एक कनिष्ठ सहाय्यक गावोगावची उपयोगिता प्रमाणपत्रं एकत्र करतो आहे. दुसऱ्या दिवशी आर्थिक वर्ष संपणार, आणि त्याआधी एकत्रित अहवाल जिल्हा परिषदेत पोहोचायला हवा. एकाच गावचं प्रमाणपत्र बाकी आहे. अखेर ईमेल येते, तो जोडलेली पीडीएफ उघडतो. शीर्षक आहे, रकाने आहेत, खाली सहीची जागा आहे. आकडा मात्र एकही नाही.

गोष्ट कल्पित आहे, पण अडचण खरी आहे.

तो ग्रामसेवकाला फोन लावतो. "भाऊसाहेब, तुम्ही कोराच नमुना पाठवलात." पलीकडून उत्तर येतं, "नाही हो साहेब, सगळं भरून पाठवलंय. माझ्या मोबाइलवर आत्ता समोर दिसतंय." अशा वेळी कार्यालयात बहुधा वाद पेटतो, कारण दोघांनाही आपापल्या डोळ्यांवर विश्वास असतो. इथे तर दोघंही खरं बोलत असतात.

फाइल खरोखर रिकामी आहे की नुसती तशी दिसते, हे कळण्याची पहिली खूण म्हणजे तिचा आकार. 0 केबी असेल तर आत काहीच नाही. फाइल पूर्ण सेव्ह होण्याआधीच जोडली गेली, किंवा ती इंटरनेटवरच्या साठ्यातून फोनमध्ये उतरलीच नव्हती, असं झालेलं असतं. मग पुन्हा मागवण्याशिवाय इलाज नाही. आपल्या सहाय्यकाने मात्र दोन आकार शेजारीशेजारी पाहिले. कार्यालयाने परिपत्रकासोबत पाठवलेला कोरा नमुना 212 केबीचा होता आणि परत आलेली फाइल 221 केबीची. कोरी फाइल जशीच्या तशी परत आली असती, तर ती 212 केबीचीच राहिली असती. पीडीएफमध्ये बदल साठवण्याची एक पद्धत अशी आहे की मूळ मजकुराला हात न लावता नवी माहिती फाइलच्या शेवटी जोडली जाते. वाढलेले 9 केबी सांगत होते की कुणीतरी या नमुन्यात काहीतरी भरलं आहे.

मग ते दिसत का नाही? त्यासाठी पीडीएफचा स्वभाव समजून घ्यायला हवा. अडोबी कंपनीने हा प्रकार 1993 मध्ये आणला तो एका हेतूने: कागद कुठल्याही संगणकावर उघडला तरी सारखाच दिसावा. त्यात भरता येणारे नमुने 1996 मध्ये आले. तेव्हापासून अशा नमुन्यातल्या प्रत्येक चौकटीमागे दोन गोष्टी असतात. एक म्हणजे भरलेली किंमत, उदाहरणार्थ 286450. दुसरी म्हणजे त्या किमतीचं चित्र: ती कोणत्या अक्षरांत, केवढी, चौकटीत नेमकी कुठे उमटवायची. काही मोबाइल ॲप किंमत साठवतात, पण चित्र तयार करत नाहीत. उघडणाऱ्या सॉफ्टवेअरने ते स्वतः काढावं, अशी त्यांची अपेक्षा असते. काही सॉफ्टवेअर ते काढतात, काही काढत नाहीत. खात्यात रक्कम जमा झालेली असावी आणि पासबुकात मात्र नोंद छापून घ्यायची राहिलेली असावी, तसंच हे.

याची परीक्षा सोपी आहे. सहाय्यकाने 'झालेला खर्च' या चौकटीत माऊसने एकदा क्लिक केलं आणि तिथे 286450 उमटलं. बाहेर क्लिक करताच आकडा नाहीसा झाला. चौकटीत शिरल्यावर सॉफ्टवेअरला दुरुस्तीसाठी किंमत दाखवावीच लागते. बाहेर आलं की ते पुन्हा साठवलेल्या चित्राकडे वळतं, आणि चित्र तर नाहीच. क्लिक केल्यावर दिसणारा आणि मग गायब होणारा आकडा ही या दोषाची जवळजवळ पक्की खूण आहे.

इथे मोह होतो तो क्लिक करून दिसलेले आकडे स्वतःच नव्या नमुन्यात टाइप करून टाकण्याचा. तसं करू नये. प्रमाणपत्र ज्याच्या सहीचं आहे, त्याच्याच हातून ते नीट होऊन यायला हवं. सहाय्यकाने ग्रामसेवकाला सांगितलं की ज्या ॲपमध्ये आकडे दिसतात, त्यातूनच प्रिंटचा पर्याय निवडा आणि प्रिंटरऐवजी 'पीडीएफ म्हणून सेव्ह करा' यावर दाबा. यात चौकटी उरत नाहीत, दिसणारं सगळं पानावर पक्कं होतं. संगणकावर हेच काम `Ctrl+P` ने होतं.

दहा मिनिटांत नवी फाइल आली. मंजूर निधी 3,00,000, खर्च 2,86,450, शिल्लक 13,550. आकडे बरोबर जुळत होते. पण 'कामाचे नाव' ही चौकट अजूनही कोरी होती.

ही दुसरी अडचण मराठीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला हमखास येते. नमुना बनवणाऱ्याने चौकटीसाठी फॉन्ट ठरवलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा हेल्व्हेटिका असतो. पीडीएफच्या मूळ ठरीव फॉन्टांपैकी तो एक, पण त्यात देवनागरी अक्षरं नाहीतच. टाइप करताना फोन स्वतःचा फॉन्ट वापरून 'अंगणवाडी इमारत दुरुस्ती' नीट दाखवतो. प्रिंटसाठी चित्र काढायची वेळ आली की नमुन्यातला फॉन्ट पुढे येतो, आणि अक्षरांच्या जागी ठिपके, चौकोन किंवा मोकळी जागा उरते. अंकांना ही अडचण येत नाही, कारण ते 0 ते 9 असे आंतरराष्ट्रीय रूपात टाइप केलेले असतात. नमुना तयार करतानाच त्यात देवनागरी युनिकोड फॉन्ट अंतर्भूत करणं हा यावरचा खरा उपाय. तोही पुरा पडेलच असं नाही, कारण काही सॉफ्टवेअर चौकटीत जोडाक्षरं फोडून दाखवतात. 30 मार्चच्या संध्याकाळी नमुना बदलायला वेळही नव्हता. ग्रामसेवकाने त्या पानाची प्रिंट काढली, कामाचं नाव पेनने लिहिलं, सही-शिक्का केला आणि पान स्कॅन करून पाठवलं. स्कॅन केलेलं पान म्हणजे निव्वळ छायाचित्र. ते सगळीकडे सारखंच दिसतं. अहवाल वेळेत गेला.

प्रमाणपत्रावर डिजिटल सही असेल, तर मात्र प्रिंट करून पीडीएफ करण्याचा मार्ग बंद होतो. नव्या फाइलमध्ये सहीचा ठसा दिसतो, पण तिची पडताळणी करता येत नाही. अशा वेळी आधी पान पक्कं करायचं आणि सही सर्वांत शेवटी, हा क्रम पाळावा लागतो.

याच दोषाचं एक रूप कोऱ्या फाइलपेक्षा जास्त घातक आहे. समजा, कुणी गेल्या वर्षीचा भरलेला नमुनाच उघडला आणि त्यातले आकडे बदलले. ॲपने नवी किंमत साठवली, पण जुनं चित्र तसंच ठेवलं. आता पाठवणाऱ्याला 3,00,000 दिसतात आणि उघडणाऱ्याला गेल्या वर्षीचे 2,50,000. पान भरलेलं असतं, आकडा सुवाच्य असतो, त्यामुळे कुणी फोनही करत नाही. पडताळणीसाठी प्रत्येक रकमेच्या चौकटीत एकदा क्लिक करून पाहणं हाच साधा मार्ग आहे: आत शिरताच आकडा बदलला, तर ती फाइल बाजूला ठेवून पाठवणाऱ्याकडून कोऱ्या नमुन्यावर नव्याने भरून मागवायची.