एक हॅलो, तीन तऱ्हा

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात ‘काकू’ येते. दचकू नका, ही शेजारच्या बिऱ्हाडातली काकू नव्हे! शब्द तेच, पण आवाजाच्या वळणाने अर्थ पालटतो, त्या वळणाचे हे नाव. ही काकू आज आपल्याला पदोपदी भेटते ती टेलिफोनवर, ‘हॅलो’ या दोन अक्षरी शब्दात.

समजा, दुपारी एका गृहिणीने तीनदा फोन उचलला. पहिला फोन सासरी गेलेल्या लेकीचा. ‘हॅ’ खालच्या पट्टीत सुरू होतो, ‘लो’ वर चढतो आणि गवयाने मींड घ्यावी तसा लांबतो. चेहऱ्यावर हसू असेल तर तेही ऐकू येते. कारण हसताना ओठ मागे ओढले जातात, मुखाची पोकळी किंचित आखूड होते आणि स्वर उजळतो.

दुसरा फोन तासन् तास बोलणाऱ्या एका ओळखीच्या बाईंचा. आता दोन्ही अक्षरे जवळजवळ एकाच सुरावर. लय संथ, आवाज बारीक, आणि ‘लो’ शेवटी खाली बसतो. हा कंटाळा. तिसरा फोन येतो तेव्हा गॅसवर दूध उतू जात असते. ‘हॅ’वर जोराचा आघात, पट्टी चढी, आणि ‘लो’ कात्रीने कापावा तसा तुटतो. हा त्रागा.

म्हणजे लांबलेला ‘लो’ प्रेमाचाच असे नाही. प्रेमात सूर हलतो, कंटाळ्यात तो जागचा हलत नाही. चढी पट्टीही आनंदात असते, तशी रागातही. तिथे शेवट गोलाईने मिटला की तुटला, हे पाहावे.

ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली असेच ध्वनिमुद्रित हॅलो श्रोत्यांना ऐकवले. एकेक हॅलो अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेरचा. पण कोणता आवाज भरवशाचा वाटतो, याबद्दल श्रोत्यांचे बरेचसे एकमत झाले. मात्र एकमत म्हणजे सत्य नव्हे. तो माणूस खरोखर भरवशाचा होता की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

घरोघरी गैरसमज होतो तो इथेच. मुलगा गर्दीच्या लोकलमध्ये असतो. गाडीच्या खडखडाटावर मात करायला तो मोठ्याने, तुटक ‘हॅलो’ म्हणतो. इकडे आईला वाटते, आपला फोन त्याला नकोसा झाला! ऐकू कमी येणारे आजोबा ओरडतात, ते रागाने नव्हे. थकलेला आवाज तर कंटाळ्याचा जुळा भाऊच.

यावर उपाय एकच. त्या माणसाचा नेहमीचा हॅलो कसा असतो, तो आठवावा आणि आजचा त्याच्याशी ताडून पाहावा. शिवाय पुढचे वाक्य ऐकावे. दूध उतू गेल्याचा त्रागा असेल, तर “अगं, तू होय!” म्हणताना तो विरतो. राग आपल्यावरचाच असेल, तर दुसऱ्या वाक्यातही अक्षरे तशीच तुटत राहतात.