एका रात्री एकच

मुरुमांसाठी डॉक्टरांनी रात्री लावायला ॲडापलीन जेल दिलेलं असतं. डाग लवकर जावेत म्हणून एखादी मुलगी त्याच्या आधी दहा टक्क्यांचं ग्लायकोलिक ॲसिड सीरम लावू लागते. फेसवॉशही सॅलिसिलिक ॲसिडचा. थोड्याच दिवसांत चेहरा ओढल्यासारखा होतो, नाकाच्या कडेला साल निघू लागते. तिला वाटतं, औषध लागू पडतंय. पण एरवी मानवणारं साधं मॉइश्चरायझरही चुरचुरायला लागलं, तर त्वचेचा वरचा संरक्षक थर दुखावला आहे असं खुशाल समजावं.

ॲसिड वरच्या मृत पेशींना धरून ठेवणारे दुवे सैल करतं. ॲडापलीन किंवा ट्रेटिनॉइनसारखं रेटिनॉइड खालून नव्या पेशी वेगाने तयार करायला लावतं, आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्वचा त्यानेच कोरडी पडते. दोन्ही एकाच रात्री लावली की त्रासात त्रासाची भर पडते. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत तर दाह ओसरल्यावर काळपट डाग मागे राहतात आणि ते जायला महिनोन्‌महिने लागतात. म्हणजे डागांवरच्या उपायानेच नवे डाग पडतात!

असं झालं तर दोन्ही थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. चुरचुर पूर्ण जाईपर्यंत सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन, एवढंच पुरे. मग आठवड्यातून दोन रात्री फक्त रेटिनॉइड लावा, तेही अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर. महिनाभर त्रास झाला नाही आणि ॲसिडची खरंच गरज असेल, तरच ते आठवड्यातून एकदा, वेगळ्या रात्री. माझ्या मते बहुतेकांना ते लागतच नाही.

नियासिनमाइड मात्र रेटिनॉइडसोबत निर्धास्त लावता येतं. ते तो वरचा थर सावरायला मदतच करतं. बेन्झॉइल पेरॉक्साइडचं तसं सरसकट सांगता येत नाही. त्याच्या संपर्कात, विशेषतः उजेडात, साधं ट्रेटिनॉइन निकामी होत जातं, म्हणून पेरॉक्साइड सकाळी आणि ट्रेटिनॉइन रात्री लावायला सांगतात. ॲडापलीन मात्र त्याच्यापुढे टिकतं, आणि म्हणूनच ही जोडी एकाच ट्यूबमध्ये मिळते. त्यामुळे ‘रेटिनॉइड’ एवढ्यावर न थांबता ट्यूबवरचं नेमकं नाव वाचायला हवं.

गरोदर असाल किंवा मूल होण्याचा विचार असेल, तर रेटिनॉइड लावूच नका. आणि अप्पर लिपचं वॅक्सिंग करायचं असेल तर निदान आठवडाभर आधी ते बंद ठेवा, पार्लरमधल्या ताईंनाही तसं सांगा. रेटिनॉइड चालू असताना वॅक्सच्या पट्टीबरोबर केसांसोबत कातडीही सोलून निघते.