चार रेझ्युमे, एकच वाक्य

माझा एक जुना विद्यार्थी इथेच रत्नागिरीत डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला एका कंपनीच्या भरती अधिकाऱ्यांचं पत्र आलं होतं. मुलांच्या रेझ्युमेत पुन्हापुन्हा दिसणाऱ्या चुका त्यात सांगितल्या होत्या. तो ते घेऊन माझ्याकडे आला.

पहिली चूक नावाची. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं. मुलं तसंच उतरवतात आणि ऑनलाइन फॉर्ममध्ये 'पहिलं नाव' या चौकटीत 'सावंत' जाऊन बसतं. पुढे कागदपत्रं तपासताना नावं जुळत नाहीत. फाईलचं नावही सगळ्यांचं `Resume_final.pdf`, मग कोणाची कुठली ते कसं ओळखायचं?

दुसरी चूक आपण पालकांनीच शिकवलेली. वडिलांचा व्यवसाय, जात, उंची, विवाहित की अविवाहित. हा लग्नाचा बायोडेटा झाला! कंपनीला यातलं काही नको असतं, आणि एका पानातली अर्धी जागा त्यातच जाते.

पत्राचा मोठा भाग मात्र प्रोजेक्टवर होता. चौघांचा गट एक प्रोजेक्ट करतो आणि चौघांच्या रेझ्युमेत तेच वाक्य येतं. याच्या गटाचं होतं, "बागेसाठी स्वयंचलित पाणी देणारी यंत्रणा तयार केली." वाचणाऱ्याला यंत्रणा कळली, पण मुलगा कळला नाही.

मी विचारलं, "अरे, यात तू काय केलंस?"

"सेन्सर लावला, बाई."

"लावला म्हणजे?"

मग हळूहळू निघालं. त्याने कोरड्या आणि ओल्या मातीत सेन्सरचे आकडे घेतले होते. आधी एकच आकडा ठरवला होता, त्याच्या खाली गेलं की पंप चालू, वर गेलं की बंद. पण माती त्या आकड्याच्या आसपास असली की पंप सारखा चालू-बंद व्हायचा. म्हणून त्याने दोन आकडे ठेवले, चालू करायचा खालचा आणि बंद करायचा वरचा. मग ते थांबलं. एवढं केलेलं, आणि रेझ्युमेत एक शब्द नाही!

आम्ही वाक्य बदललं: "मातीतील ओलाव्याचे आकडे घेऊन पंप चालू आणि बंद करण्यासाठी दोन वेगळ्या मर्यादा ठरवल्या, त्यामुळे पंपाचं सारखं चालू-बंद होणं थांबलं." मुलाखतीत यावर प्रश्न आला तर त्याला उत्तर पाठ करावं लागणार नाही. सीनियरच्या फॉर्मॅटमधून आलेलं `MATLAB` मात्र काढलं, कारण त्याने ते कधी उघडलंच नव्हतं.

गटातल्या एकाने फक्त रिपोर्ट टाईप केला होता. त्याने काय लिहायचं? विचारल्यावर कळलं, सुट्या भागांची यादी आणि खर्चाचा तक्ताही त्यानेच केला होता. त्याला सांगितलं, तेच लिही.