डोलणं विरत जाताना

चार पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यांच्या माथ्यावर बोल्टने बसवलेली एक जाड प्लेट आणि खाली टेबलाला आवळलेला तळ. स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेतली एकमजली इमारत ती एवढीच. पट्ट्या म्हणजे खांब, प्लेट म्हणजे स्लॅब. प्लेटचं वजन करता येतं, पट्ट्यांची लांबी-जाडी मोजून ताठपणा काढता येतो आणि या दोन आकड्यांवरून फ्रेम सेकंदाला किती वेळा डोलेल हे ती हलवण्याआधीच सांगता येतं. पण डोलणं किती लवकर विरेल? ते मात्र नकाशा बघून सांगता येत नाही. ऊर्जा धातूच्या आत, सांध्यांच्या घासण्यात, हवेत अशी जागोजागी झिरपत असते. तिचा हिशेब हवा असेल तर फ्रेमलाच हलवून विचारावं लागतं.

विचारायची रीत सोपी आहे. प्लेटला दोरा बांधून ती थोडी बाजूला ओढायची आणि दोरा कात्रीने कापायचा. हाताने सोडली तर सुटताना बोटांचा धक्का लागतो. एकदा सुटली की फ्रेम आपल्या मनाने डोलते आणि प्लेटवरचा सेन्सर तो आलेख कागदावर उतरवतो: शिखरं, दऱ्या, पुन्हा शिखरं, प्रत्येक आधीच्यापेक्षा किंचित बुटकं.

या उतरणीत एक विलक्षण शिस्त असते. प्रत्येक हेलकाव्यात उंची ठरावीक मिलिमीटरने घटत नाही, ठरावीक पटीने घटते. झोका मोठा असो वा लहान, शेजारच्या दोन शिखरांचं गुणोत्तर तेच. या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिथम म्हणजे लॉगरिदमिक डिक्रिमेंट, δ. लॉगरिथम घेतला की गुणाकाराची बेरीज होते, त्यामुळे दहा हेलकाव्यांची घट दहाने भागून एका हेलकाव्याची काढता येते.

समजा, एक शिखर 8 मिलिमीटर आहे आणि त्यानंतर दहा हेलकावे झाल्यावरचं शिखर 4 मिलिमीटर. गुणोत्तर 2, त्याचा नैसर्गिक लॉगरिथम 0.693, दहाने भागून δ = 0.0693. डॅम्पिंग कमी असताना δ ≈ 2πζ, म्हणून 6.28 ने भागलं की ζ = 0.011, म्हणजे 1.1 टक्के. हे टक्के कशाचे? फ्रेम एकदाही पलीकडे न झुकता मधल्या जागी येऊन थांबावी यासाठी कमीत कमी जेवढं डॅम्पिंग लागेल, त्याचे. आपल्या फ्रेमकडे त्याचा जेमतेम नव्वदावा भाग आहे.

या हिशेबात प्लेटचं वजन कुठेच आलं नाही, पट्ट्यांचा ताठपणाही नाही. दोरा किती ओढला होता हेही कुणी विचारलं नाही. इतकंच काय, सेन्सर मिलिमीटर दाखवतो की व्होल्ट, यानेही फरक पडत नाही, कारण भागाकारात एकक उडून जातं. मला या पद्धतीतली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

दहा हेलकावे का, शेजारची दोन शिखरं का नाहीत? कारण इथे एका हेलकाव्यात उंची सातेक टक्केच घटते. वाचताना शिखर दोन टक्क्यांनी चुकलं तरी उत्तराचा बराच भाग वाहून जातो. दहा हेलकाव्यांवर तीच चूक पातळ होते. दुसरा सापळा शून्याचा. सेन्सरची शून्यरेषा अर्धा मिलिमीटर वर सरकली तर 8 चे 8.5 होतात, 4 चे 4.5, आणि ζ एक टक्क्यावर येतो. म्हणून शिखरापासून खालच्या दरीपर्यंतची उंची मोजावी. सरकलेलं शून्य आपोआप गळून पडतं.

एखादा बोल्ट सैल असेल तर तेही आलेखच सांगतो. शिखरांचे लॉगरिथम हेलकाव्यांच्या क्रमांकापुढे मांडले की सरळ रेषा यायला हवी. सांधा कोरडा घासत असेल तर प्रत्येक हेलकावा ठरावीक पट नव्हे, ठरावीक माप खातो: 8, 7, 6, 5... गुणोत्तर वाढत जातं, रेषा शेवटी खाली वाकते आणि फ्रेम अचानक थबकते. अशा वेळी ζ चा एकच आकडा काढण्यात अर्थ नसतो. आधी पाना घ्यावा. शिखरं लहान होऊन पुन्हा मोठी झाली, तर बहुधा दोरा मधोमध बांधलेला नव्हता आणि प्लेट डोलण्याबरोबर पिळवटतेही आहे.

भारतीय भूकंप संहिता, IS 1893, इमारतींसाठी 5 टक्के डॅम्पिंग धरते. तेवढं असतं तर आपल्या फ्रेमचं डोलणं दहाऐवजी सव्वादोन हेलकाव्यांतच निम्मं झालं असतं. खऱ्या इमारतीत भिंती असतात, काँक्रीटमध्ये बारीक तडे असतात आणि हादरा मोठा झाला की या सगळ्यांचं घासणं वाढतं. उघड्या फ्रेममध्येही जास्त ओढल्यावर ζ थोडा बदलू शकतो. म्हणून प्रयोगवहीत नुसतं 1.1 टक्के लिहून भागत नाही. हा आकडा 8 ते 4 मिलिमीटरच्या पट्ट्यातला, हेही शेजारी लिहावं लागतं.