पाटल्या, चपलाहार आणि फ्लॅट

कायद्याच्या विद्यार्थ्यांना मालमत्ता हस्तांतरणाच्या पेपरात हमखास एक गोष्ट सोडवायला देतात. गोष्ट कल्पित असते. पण वाचणाऱ्याला ती आपल्याच नात्यातली वाटते.

पुण्यात एकटी राहणारी अठ्ठ्याहत्तर वर्षांची मावशी. नवरा कधीच गेला, एकुलता मुलगा दूर. दुखणंखुपणं बघते ती भाची. वाढदिवसाला चार नातेवाइकांसमोर मावशी हातातल्या पाटल्या उतरवते, भाचीच्या हातात ठेवते आणि म्हणते, ‘‘आजपासून या तुझ्या.’’ भाची त्या घालते, फोटो निघतात. संध्याकाळी मावशीचे मोकळे हात बघून तीच पाटल्या परत चढवते : ‘‘माझ्याच आहेत, पण तू आहेस तोवर तूच घाल.’’ त्याच दिवशी मावशी तिला बँकेच्या लॉकरची किल्ली देते, ‘‘आतला चपलाहारही तुझाच’’ असं सांगून. महिनाभराने ती राहत्या फ्लॅटचं बक्षीसपत्र करते. दोन साक्षीदारांच्या सह्या होतात, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी होते. मरेपर्यंत मी याच घरात राहीन, असं त्यात लिहिलेलं असतं आणि मूळ कागद मावशीच्याच कपाटात राहतो. दोन महिन्यांनी मावशी जाते. मृत्युपत्र नाही. मुलगा येऊन म्हणतो, भाचीला काहीच मिळालेलं नाही, कारण ताबा कशाचाच दिलेला नव्हता.

मुलगा म्हणतो ते बरोबर आहे का?

इथे अनेक उत्तरपत्रिका एकाच वाक्यावर घसरतात : ‘बक्षीस पूर्ण व्हायला ताबा आणि स्वीकार लागतो, ताबा दिला नाही, म्हणून बक्षीस अपूर्ण.’ चांगलं उत्तर आधी गाठोडं सोडतं. मावशीने एक बक्षीस दिलेलं नाही, तीन दिली आहेत, आणि तिन्हींना कायद्याची मागणी सारखी नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम १२२ बक्षिसाची व्याख्या करतं : अस्तित्वात असलेली मालमत्ता, स्वखुशीने, मोबदल्याशिवाय दिलेली आणि घेणाऱ्याने स्वीकारलेली. स्वीकार देणाऱ्याच्या हयातीत आणि तो देण्यास सक्षम असताना व्हायला हवा. द्यायचं कसं, ते कलम १२३ सांगतं. स्थावरासाठी सही केलेला, निदान दोन साक्षीदारांचा, नोंदणीकृत दस्त लागतो. जंगम वस्तू मात्र तशा दस्ताने देता येते, नाहीतर नुसती हातात ठेवूनही देता येते. स्थावराच्या वाक्यात ‘ताबा’ हा शब्दच नाही.

मुलाचा दावा फ्लॅटपुरता तरी तिथेच लंगडा पडतो. तरीही तो दावा आपल्याकडे इतका रुजलेला का? कारण जुन्या हिंदू कायद्यात दान पुरं व्हायला ताबा द्यावा लागे. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१४ साली रेणिकुंटला राजम्मा यांच्या खटल्यात हा गोंधळ निस्तरला. तिथेही दान देणारीने हयातभर मिळकतीचा उपभोग स्वतःकडे ठेवला होता. पुढे तिने बक्षीस रद्द केल्याचा दस्त केला आणि घेणारी कोर्टात गेली. न्यायालय म्हणालं, कलम १२३ ने ताब्याचा जुना नियम मागे टाकला आहे. दस्त, नोंदणी आणि स्वीकार असेल तर देणारी त्याच घरात राहिली म्हणून बक्षीस अपुरं ठरत नाही.

पण बक्षीसपत्रातली ओळ बारकाईने वाचायची. ‘मालकी आज दिली, मी हयातभर राहीन’ आणि ‘माझ्या मृत्यूनंतर मालकी तुझी’ ही दोन वाक्यं घरच्या बोलण्यात सारखी, कायद्यात एकमेकांच्या विरुद्ध. पहिल्यात मालकी आज हलते, दुसऱ्यात आज काहीच हलत नाही. २०१८ साली सरोजिनी अम्मा यांच्या प्रकरणात बक्षीस देणाऱ्यांच्या मृत्यूनंतर अमलात यायचं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते पूर्ण मानलं नाही आणि त्यांनी केलेलं रद्दीकरण टिकलं. आपल्या गोष्टीतल्या दस्तात पहिल्या प्रकारचं वाक्य आहे, हे उत्तरात स्पष्ट लिहायला हवं. मार्क तिथे असतात.

आता स्वीकार. तो कसा करायचा याचा कुठलाही साचा कायद्याने घातलेला नाही. भाचीने दस्तावर सही केली असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर वागणुकीकडे बघायचं. दौलत सिंग यांच्या खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं : स्वीकार वागण्यावरूनही दिसू शकतो. समजा, मावशी हयात असतानाच भाचीने सोसायटीकडे नाव लावण्याचा अर्ज दिला, त्या दोन महिन्यांचा मेंटेनन्स स्वतःच्या खात्यातून भरला. मग कागद कोणाच्या कपाटात होता याला फारसं वजन राहत नाही.

परीक्षक गोष्टीला एक पीळ देतात तो इथेच. भाची पुण्यात नसून न्यू जर्सीत आहे. मावशीने कोणाला न सांगता नोंदणी केली आणि चार दिवसांनी ती गेली. तेराव्याला भाची आली तेव्हा कपाटात कागद सापडला. शिक्के सगळे जागेवर, पण हयातीतला स्वीकार कुठे आहे? जे माहीतच नव्हतं ते स्वीकारलं असं म्हणणं कठीण. असं बक्षीस पडतं आणि फ्लॅट वारसाकडे, म्हणजे मुलाकडे जातो. मात्र त्या चार दिवसांत मावशीने दस्ताचा फोटो व्हॉट्सॅपवर पाठवला असेल आणि ‘मिळालं गं, कागद नीट ठेव’ एवढं उत्तर आलं असेल, तर पारडं फिरतं. आठशे चौरस फुटांची मालकी एका ओळीच्या निरोपावर तोलली जाते. ऐकायला विचित्र, पण कायद्याला धरून.

तारखांचा आणखी एक सापळा असतो : दस्त आज, नोंदणी नंतर. १९२७ सालच्या कल्याणसुंदरम पिल्लै प्रकरणात दात्याने सही केलेला दस्त हातात दिला होता, तो स्वीकारलाही गेला होता, आणि नोंदणी व्हायच्या आत दात्याने मुलगा दत्तक घेतला. प्रिव्ही कौन्सिलने बक्षीस टिकवलं. दस्त देऊन-घेऊन झाल्यावर नोंदणी राहिली आहे म्हणून दात्याला मन बदलता येत नाही.

हे सगळं मावशी हिंदू आहे असं धरून. कलम १२९ मुस्लिम कायद्यातल्या हिब्याला या प्रकरणातून बाजूला ठेवतं. तिथे देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा ही तीन अंगं लागतात, नोंदणी लागत नाही. हफीझा बीबी यांच्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी नसलेला लेखी हिबा ग्राह्य धरला. म्हणजे तीच गोष्ट मुस्लिम कुटुंबातली असती, तर मुलाचा ताब्याचा मुद्दा पहिल्याच ओळीत गंभीर झाला असता. पक्षकारांचा धर्म न बघता उत्तर लिहायला घेणाऱ्याची इथे फसगत होते.

पाटल्यांकडे वळू. इथे दस्त नाही, म्हणून ताबाच सगळं काही. मावशीने पाटल्या उतरवून हातात ठेवल्या, शब्द उच्चारले, भाचीने घातल्या. देणं झालं, घेणंही झालं. संध्याकाळी त्या परत मावशीच्या हातात गेल्या, पण आता मालकीण भाची आणि मावशी वापरणारी. पूर्ण झालेलं बक्षीस वस्तू परत वापरायला दिल्याने उसवत नाही. पुरावा मात्र नाजूक आहे. मृत्यूच्या वेळी पाटल्या मावशीच्या हातात होत्या, आणि मुलगा म्हणणार की दुपारचं ते कौतुक होतं, दान नव्हतं. वाढदिवसाचे फोटो, हजर असलेले चार जण आणि भाचीचं ‘माझ्याच आहेत’ हे वाक्य इथे कामाला येतं.

फक्त शब्द असते तर? लंडनमधल्या कोल प्रकरणात तेच घडलं. १९४५ साली एका गृहस्थाने बायकोला नव्या, सजवलेल्या घरात नेलं, तिच्या डोळ्यांवर हात धरले, हात काढले आणि सांगितलं की हे सगळं तुझं. ती गालिच्यापासून पत्त्यांच्या टेबलापर्यंत हात फिरवत हिंडली. पुढे नवऱ्याचं दिवाळं निघालं आणि सामानावर तिने हक्क सांगितला, तेव्हा कोर्टाने तो मानला नाही. दाखवणं आणि बोलणं म्हणजे देणं नव्हे; ताब्यात काही बदललंच नव्हतं. एका छपराखाली राहणाऱ्यांमध्ये काय कोणाकडे गेलं हे ओळखणंच अवघड असतं. आपल्या भाचीचं नशीब इतकंच, की पाटल्या खरोखर एका हातातून दुसऱ्या हातात गेल्या.

चपलाहाराचं कोडं सर्वांत रंगतदार. किल्ली देणं म्हणजे वस्तू देणं, हे कायदा कधी कधी मानतो. विक्रीच्या मालाचा ताबा जसा देता येतो तसाच बक्षिसातही देता येतो, असं कलम १२३ म्हणतं. गोदामाची किल्ली दिली की माल दिला, हा व्यापारातला जुना रिवाज. पण किल्लीने कुलूप उघडलं पाहिजे. बँकेचा लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतो, एक ग्राहकाची, दुसरी बँकेची, आणि त्याआधी रजिस्टरवर सही लागते. लॉकर एकट्या मावशीच्या नावावर आहे. भाची किल्ली घेऊन गेली असती तर दारातूनच परतली असती. हाराचा ताबा मावशीकडेच राहिला. हाती आला तो पितळेचा तुकडा.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचा १८९८ सालचा निकाल या जागी फार उपयोगी पडतो. मरणपंथाला लागलेल्या एका माणसाने घरकाम सांभाळणाऱ्या बाईला किल्ल्यांचा जुडगा दिला आणि घरातलं सगळं तुझं असं सांगितलं. कोर्टाने त्या किल्ल्यांनी उघडणारं कपाट तिला दिलं, पण त्याच कपाटाच्या खणातली विम्याची पॉलिसी दिली नाही. कपाट जड, उचलून देता येत नाही, म्हणून किल्ली चालते. पॉलिसी हातात देता आली असती, मग ती द्यायला हवी होती. हा निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही, आणि एखादा परीक्षक तो निष्ठुर म्हणेल. पण हार कपाटासारखा की पॉलिसीसारखा, हा प्रश्न विचारल्यावर मुलाची बाजू अचानक भक्कम दिसायला लागते.

लॉकर दोघींच्या नावावर असता तर? ताब्याचा मुद्दा भाचीकडे झुकला असता, पण तेवढ्याने मालकी सिद्ध झाली नसती. सोयीसाठीही लोक नाव जोडतात. ती मावशीबरोबर बँकेत गेली असती आणि हार गळ्यात घालून परत ठेवला असता, तर तो पाटल्यांच्या रांगेत बसला असता.

म्हणून उत्तर तीन निकालांचं होतं : फ्लॅट भाचीचा, पाटल्या बहुधा भाचीच्या, चपलाहार वारसाने मुलाचा. आणि खरी चुटपुट लागते ती तारखा बघितल्यावर. हाराचं बोलणं झाल्यानंतर महिन्याभराने मावशी निबंधकाच्या कचेरीत बसून सही करत होती. जंगम वस्तूही नोंदणीकृत दस्ताने देता येते, तिला मग ताबा लागत नाही. फ्लॅटच्या त्याच कागदावर ‘अमुक बँकेच्या लॉकरमधला, इतक्या वजनाचा चपलाहार’ अशी एक ओळ चढली असती, तर लॉकर उघडायची गरजच नव्हती.