भिशी अडकली, तर कागदावर लिहा

बारा जणींची भिशी, महिन्याचा हप्ता ५,००० रुपये. सातव्या महिन्यात एकीची चिठ्ठी निघाली, पण ६०,००० काही हातात पडेनात. ‘दोघींचे हप्ते यायचेत’ म्हणता म्हणता पुढचा महिनाही उलटला. अशा वेळी फोनवर वाद घालण्यापेक्षा भिशी चालवणाऱ्या वहिनींना चार ओळी लिहाव्यात:

‘वहिनी, माझे आठ हप्ते, एकूण ४०,००० रुपये, तुमच्याकडे जमा आहेत. यादी सोबत आहे. माझी भिशी कोणत्या तारखेला देणार, ते याच कागदावर लिहून सही करा.’

यादीत प्रत्येक हप्त्याची तारीख, रक्कम आणि पैसे रोख दिले की यूपीआयने, एवढं पुरे. खरी अडचण रोखीची. तिथे भिशीच्या वहीतल्या पानाचा फोटो कामी येतो. भिशी मोडलीच, तर निदान भरलेले पैसे तरी या यादीवरून मागता येतात.

सही मात्र सोडू नये, वहिनी कितीही जवळच्या असल्या तरी. उसन्या पैशांसारख्या येण्याच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी देणं सहीनिशी लेखी कबूल झालं, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते.